कॅटलेजची मोजणी: पेरॉक्साइड किती घ्यायचं आणि घड्याळ कधी सुरू करायचं (प्रकल्प नोंदी)

काम थोडक्यात असं. पालकाच्या पानांच्या अर्कात कॅटलेज हे एन्झाइम किती आहे ते मोजायचं. हायड्रोजन पेरॉक्साइड २४० नॅनोमीटरला प्रकाश शोषतं, पाणी आणि ऑक्सिजन जवळपास शोषत नाहीत. त्यामुळे एन्झाइम पेरॉक्साइड फोडू लागलं की शोषण उतरत जातं, आणि ते किती वेगाने उतरतं ते टिपायचं. पद्धत १९५२ च्या बीअर्स आणि सायझर यांच्या वळणाचीच. या पद्धतीत घट मोजायला शोषणाची ०.४५० ते ०.४०० हीच खिडकी का घेतात, हे मला काम करताना हळूहळू उमगलं. म्हणून नोंदी घडल्या त्याच क्रमाने ठेवल्या आहेत.

४ ऑगस्ट: बाटलीवर ३० टक्के, आत २५

बफर ५० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट, पीएच ७.०. ३० टक्के पेरॉक्साइड म्हणजे साधारण ९.८ मोलर, असं धरून ११४ मायक्रोलिटर घेऊन बफरने १०० मिलिलिटर केलं. हिशेबाने ११.२ मिलिमोलर व्हायला हवं, म्हणजे एक सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये शोषण ०.४८७ (शोषण गुणांक ४३.६ प्रति मोलर प्रति सेंटिमीटर धरला आहे). यंत्राने ०.४०१ दाखवलं. आधी पिपेटवर संशय घेतला, पाणी वजन करून पिपेट तपासलं, ते बरोबर निघालं. मग उलट हिशेब केला. ०.४०१ म्हणजे ९.२ मिलिमोलर, आणि त्यावरून बाटलीतलं पेरॉक्साइड ८.०७ मोलर, म्हणजे वजनाने पंचवीस टक्क्यांच्या आसपास. बाटली अर्धी रिकामी आणि बरेच दिवस उघडी-मिटी होत आलेली, तेव्हा यात नवल नाही.

यापुढे लेबल वाचायचं ते फक्त अंदाजासाठी. द्रावण करायचं, २४० ला वाचायचं आणि त्या आकड्यावरून दुरुस्त करायचं. ११ मिलिमोलरसाठी आता १३६ मायक्रोलिटर लागतं. तसं करून वाचलं, ०.४७९ आलं. हे द्रावण रोज सकाळी ताजं, आणि वापरायच्या आधी पुन्हा एकदा वाचून.

५ ऑगस्ट: क्युवेट आणि दिवा

प्रयोगशाळेत प्लॅस्टिकच्या क्युवेटचा ढीग पडलेला असतो आणि हात आपोआप तिकडे जातो. २४० ला त्यांचा उपयोग नाही. प्लॅस्टिक आणि साधी काच दोन्ही तिथे स्वतःच जवळजवळ सगळा प्रकाश खातात, बफरवर शून्य धरायला गेलं तर यंत्र कुरकुरतं किंवा आकडे नुसते नाचतात. क्वार्ट्झच लागतं. आमच्याकडे एकच जोडी आहे, त्यातल्या एका क्युवेटच्या आतल्या भिंतीवर बारीक ओरखडा आहे. तो ओरखडा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

ड्युटेरियमचा दिवा लावून लगेच मोजायला घेतलं तर नुसत्या बफरचं शोषण सरकत राहतं. अर्धा तास थांबलं की स्थिरावतं. त्यानंतर एन्झाइम न घालता फक्त पेरॉक्साइड तीन मिनिटं ठेवून पाहिलं, शोषण ०.००१ ने उतरलं. म्हणजे आपोआप होणारी घट सोडून देण्याइतकी आहे. ही तपासणी कंटाळवाणी असली तरी टाळू नये. क्युवेटला आदल्या वेळचं एन्झाइम चिकटून राहिलं असेल तर ते इथेच कळतं.

७ ऑगस्ट: पहिला अर्क, आणि हातातून निसटलेला वेग

अर्धा ग्रॅम पान, पाच मिलिलिटर थंड बफर (त्यात १ मिलिमोलर ईडीटीए आणि एक टक्का पीव्हीपीपी), बर्फावरच्या खलबत्त्यात वाटलं, ४ अंशांवर १२,००० g ला पंधरा मिनिटं फिरवलं. वरचं स्वच्छ द्रव म्हणजे अर्क. क्युवेटमध्ये २.९ मिलिलिटर पेरॉक्साइड द्रावण, त्यात ०.१ मिलिलिटर अर्क.

झाकून, उलटंपालटं करून क्युवेट यंत्रात ठेवली. घातल्यापासून दहा सेकंदांनी पहिला आकडा ०.५६५, चाळीसाव्या सेकंदाला ०.३५२, मिनिटाने ०.३२३, आणि मग आकडे खाली-वर उड्या मारू लागले. क्युवेट बाहेर काढली तर भिंतीवर बुडबुड्यांची रांग.

इथे दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या. पहिली अशी की शोषण ०.३१ च्या आसपास येऊन थांबतंय, म्हणजे एन्झाइम मेलं असं वाटत होतं. पण तेवढाच अर्क नुसत्या बफरमध्ये घालून वाचला तर तोही ०.३१ आला. ते शोषण पानातल्या प्रथिनांचं आणि फिनॉलिक पदार्थांचं होतं, पेरॉक्साइड तर संपूनच गेलं होतं. दुसरी गोष्ट जास्त फसवी. दहा ते चाळीस सेकंदांमधली उतरण घेतली तर सेकंदाला ०.००७१ येते. पार्श्वभूमीचे ०.३१ वजा करून लॉगरिदम घेतला की वेगस्थिरांक सेकंदाला ०.०६० येतो. मिसळताना पेरॉक्साइडचं शोषण ०.४६४ होतं, म्हणजे खरा सुरुवातीचा वेग ०.०६ गुणिले ०.४६४, सेकंदाला ०.०२८. मी 'सुरुवातीचा' म्हणून जो मोजत होतो तो खऱ्या वेगाच्या चौथा हिस्सा होता. अर्धं पेरॉक्साइड साडेअकरा सेकंदांत संपत होतं, आणि माझा पहिला आकडाच दहाव्या सेकंदाचा. झाकण लागेपर्यंत सुरुवात होऊन गेली होती.

उपाय उघड होता, अर्क पातळ करायचा. किती पातळ, हे मात्र पेरॉक्साइड किती घेणार यावर ठरतं, म्हणून आधी तिकडे वळलो.

८ ऑगस्ट: ५, १०, २०, ४० मिलिमोलर

इतर एन्झाइमांच्या सवयीने सबस्ट्रेट भरपूर घालून एन्झाइमला तुडुंब भरावं, वेग सपाट रेषेत मिळेल, असं वाटतं. कॅटलेजच्या बाबतीत हे जमत नाही. त्याला खऱ्या अर्थाने भरून टाकायला लागणाऱ्या सांद्रतेच्या कितीतरी आधीच पेरॉक्साइड त्याला निकामी करू लागतं. म्हणून आपण ज्या पट्ट्यात मोजतो तिथे वेग पेरॉक्साइडच्या प्रमाणात वाढतो आणि प्रमाणात घटतो. सरळ रेष शोषणाची येत नाही, शोषणाच्या लॉगरिदमची येते.

वीसपट पातळ केलेला अर्क घेऊन चार सांद्रता करून पाहिल्या. दर वेळी शून्य धरताना बफर आणि तितकाच अर्क. ५ मिलिमोलरला वेगस्थिरांक ०.००३१, १० ला ०.००३०, २० ला ०.००२९. इथपर्यंत तिन्ही एकच गोष्ट सांगतात. ४० ला पहिल्या अर्ध्या मिनिटात ०.००२७ आणि दोन मिनिटांनी ०.००१८. लॉगरिदमची रेष वाकायला लागली.

वाकण्याची कारणं दोन असू शकतात आणि आकड्यांत ती सारखीच दिसतात. एक, एन्झाइम निकामी होतंय. दोन, ऑक्सिजनचे बुडबुडे प्रकाश विखुरतात, त्यामुळे शोषण खोटं वर राहतं आणि घट मंद भासते. ओळखायची युक्ती सोपी आहे. मोजणी चालू असतानाच क्युवेट बाहेर काढून बोटाने टिचकी मारायची आणि परत ठेवायची. बुडबुडे असतील तर आकडा एकदम खाली बसतो. ४० मिलिमोलरला तो थोडा खाली बसला, पण मागची सरळ रेष काही परत मिळाली नाही. म्हणजे दोन्ही घडत होतं. ओरखडा असलेल्या क्युवेटमध्ये बुडबुडे नेहमी त्या ओरखड्यावरच आधी धरत, म्हणून ती आता फक्त शून्य धरायला वापरतो.

५ मिलिमोलर सुरक्षित आहे, पण त्याचं एकूण शोषणच ०.२१८. त्यातली दहा टक्के घट म्हणजे ०.०२२, आणि यंत्राचा आकडा ०.००१ ने इकडे-तिकडे होतोच. एवढ्याशा उतरणीवर भरवसा कसा ठेवायचा? २० मिलिमोलरला आकडे छान मोठे येतात, पण तिथे बुडबुड्यांचा प्रश्न लवकर येतो. तो किती लवकर, हे नुसतं म्हणण्यापेक्षा मोजलेलं बरं.

९ ऑगस्ट: ऑक्सिजनचा हिशेब

दोन रेणू पेरॉक्साइड फुटले की एक रेणू ऑक्सिजन निघतो. २५ अंशांना पाण्यात हवेतला ऑक्सिजन आधीच साधारण ०.२५ मिलिमोलर विरघळलेला असतो. शुद्ध ऑक्सिजनने पाणी संपृक्त झालं तरी तो १.२५ च्या आसपास जातो. मधली जागा उरते एक मिलिमोलरची. म्हणजे २ मिलिमोलर पेरॉक्साइड फुटेपर्यंत सगळा ऑक्सिजन निमूटपणे विरघळून राहू शकतो, त्यापुढे बुडबुड्यांना वाव मिळतो. त्या क्षणीच बुडबुडे येतात असं नाही. स्वच्छ, गुळगुळीत क्युवेटमध्ये बराच वेळ येतही नाहीत. पण ओरखडा किंवा धुळीचा कण असला की येतात, आणि मोजणी धुळीच्या भरवशावर ठेवण्यात अर्थ नाही.

२ मिलिमोलर म्हणजे शोषणातले ०.०८७. आपल्या खर्चाची मर्यादा एवढी, मग सुरुवात कुठूनही करा. वीसपट पातळ अर्काने ४० मिलिमोलरला ही मर्यादा सतरा सेकंदांत संपते, २० ला पस्तीस सेकंदांत आणि ११ ला सदुसष्ट सेकंदांच्या आतबाहेर. वेग आणि सांद्रता एकमेकांना बांधलेले असल्यामुळे सांद्रता वाढवून वेळ विकत घेता येत नाही, उलट वेळ कमीच होतो.

आता ०.४५० ते ०.४०० या खिडकीकडे पाहिलं तर ती नेमकी बसते. १०.३ वरून ९.२ मिलिमोलर, खर्च १.१५. यंत्राला सहज वाचता येईल इतकी घट, आणि ऑक्सिजनच्या मर्यादेत अजून थोडी जागा शिल्लक. ती शिल्लक कशासाठी हे पुढच्या नोंदीत.

११ ऑगस्ट: घड्याळ हाताने नाही, शोषणाने

आजपर्यंत अर्क घातल्याक्षणी स्टॉपवॉच दाबत होतो. अर्क घालणं, झाकणं, दोनदा उलटणं, ठेवणं, यंत्राचं झाकण लावणं, यात सहा ते आठ सेकंद जातात आणि दर वेळी वेगळे जातात. ०.४५० ची पद्धत हा प्रश्नच काढून टाकते. आकडा ०.४५० वरून गेला की घड्याळ सुरू, ०.४०० ला बंद. हात हळू चालला काय किंवा भरभर, फरक पडत नाही, कारण वेगस्थिरांक सुरुवात कुठून केली यावर अवलंबून नसतो.

k = ln(0.450/0.400) / t = 0.1178 / t

फक्त ०.४५० वर पोचण्याआधी क्युवेट यंत्रात गेलेली हवी. माझ्या ११ मिलिमोलर द्रावणात अर्क मिसळल्यावर शोषण ०.४६४ होतं. दहापट पातळ अर्काने सात सेकंदांत ते ०.४४५ झालेलं असायचं, म्हणजे गाडी स्टेशन सोडून गेल्यावर मी फलाटावर. मग सुरुवात वर न्यायची, पण किती? जेवढी वर नेऊ तेवढा ऑक्सिजनचा खर्च खिडकीच्या आधीच होणार. ०.४०० ला थांबायचं आणि एकूण खर्च ०.०८७ च्या आत ठेवायचा, म्हणजे सुरुवात फार तर ०.४८७. तेव्हा १०० मिलिलिटरला १४३ मायक्रोलिटर पेरॉक्साइड घेतलं. द्रावण ०.५०३ वाचलं, अर्क मिसळल्यावर ०.४८६. दहापट पातळ अर्काने सात सेकंदांनंतर ०.४६६ उरतं, खिडकी समोर उघडीच.

पाचपट पातळ अर्काने मात्र तेवढ्यात ०.४४७ होतं. तिथे ही पद्धत संपते. माझ्या हाताच्या वेगाला दहापट ही सर्वात दाट मर्यादा.

एक सावधगिरी. शून्य धरताना अर्क घातला नाही, फक्त बफर ठेवलं, तर वीसपट पातळ अर्काचेही ०.०१५ शोषणात राहतात. मग यंत्रावरचं ०.४५० म्हणजे खरं ०.४३५, आणि वेगस्थिरांक जवळपास चार टक्के कमी भरतो. प्रत्येक नमुन्यासाठी त्याचं स्वतःचं शून्य. दोन नमुन्यांचे अर्क सारखे हिरवे दिसले म्हणून एकाचं शून्य दुसऱ्याला लावू नये.

१२ ऑगस्ट: पातळ करण्याची परीक्षा

पद्धत खरी असेल तर एन्झाइम अर्धं केल्यावर वेळ दुप्पट व्हायला हवा. दहापट पातळ: १९.८ सेकंद. वीसपट: ३९.५. चाळीसपट: ७८. गुणोत्तरं चांगली जुळली. दहापटच्या वेळी यंत्र दर सेकंदाला एकच आकडा देतं, म्हणून दोन्ही टोकांना अर्धा अर्धा सेकंद चुकला तरी पाच टक्के गेले. चाळीसपटला वाट पाहणं लांबतं. म्हणून वीसपट कायम केलं, तीस ते साठ सेकंदांत बसेल असं.

एक आकडा खटकला. दुपारी तोच वीसपट अर्क पुन्हा घेतला तर ४६ सेकंद. बर्फावरच होता, मग काय झालं? मूळ अर्कातून नव्याने वीसपट केला आणि लगेच मोजला, ४० सेकंद आले. म्हणजे मूळ अर्क धडधाकट, पातळ केलेला तासाभरात थकतो. पातळ द्रावणात कॅटलेज टिकत नाही हे वाचलेलं होतं, पण इतक्या लवकर उतरेल असं वाटलं नव्हतं. आता प्रत्येक मोजणीच्या तोंडावर पातळ करतो. सकाळी सगळे नमुने एकदम पातळ करून ओळीने मोजत गेलं असतं तर शेवटचा नमुना सगळ्यात अशक्त दिसला असता आणि त्यावरून भलताच निष्कर्ष निघाला असता.

उकळलेला अर्क नियंत्रण म्हणून: पाच मिनिटं उकळला, गढूळ झाला, फिरवून वरचं द्रव घेतलं. तीन मिनिटांत घट ०.००१, म्हणजे नुसत्या पेरॉक्साइडइतकीच. फिरवला नसता तर गढूळपणा खाली बसताना शोषण उतरलं असतं आणि उकळलेल्या अर्कातही एन्झाइम आहे असं वाटलं असतं.

१४ ऑगस्ट: आकडा लिहायचा कसा

वीसपट, ३९.५ सेकंद. या खिडकीत ३ मिलिलिटरमध्ये ३.४४ मायक्रोमोल पेरॉक्साइड फुटतं. मिनिटाला ५.२२. हे ०.१ मिलिलिटर पातळ अर्काचं, म्हणून दहाने आणि वीसने गुणलं: मूळ अर्काच्या प्रत्येक मिलिलिटरमागे मिनिटाला साधारण १,०४५ मायक्रोमोल.

हा आकडा एकटा लिहिला तर अपुरा आहे. वेग पेरॉक्साइडच्या प्रमाणात बदलत असल्याने हेच एन्झाइम २० मिलिमोलरला जवळपास दुप्पट 'युनिट' दाखवील. म्हणून सोबत १०.३ ते ९.२ मिलिमोलर आणि २५ अंश हे लिहितोच. शिवाय काही जण गुणांक ३९.४ धरतात, काही ४३.६. एवढ्यानेच युनिटमध्ये दहा टक्क्यांचा फरक पडतो. वेगस्थिरांकात गुणांक येतच नाही, तो शोषणांच्या गुणोत्तरातून निघतो. त्यामुळे तक्त्यात आधी वेगस्थिरांक, पातळ किती पट, क्युवेटमधलं एकूण आकारमान, आणि शेवटी युनिट.

१८ ऑगस्ट: पिवळी पानं

सहकारीणीने जुनी, पिवळी पडलेली पानं आणून दिली. वीसपट पातळ अर्काला ०.४५० ते ०.४०० जायला १५२ सेकंद लागले. तिचं म्हणणं, पेरॉक्साइड दुप्पट करू या, वेग वाढेल. वेग वाढला असता, पण तुलना मोडली असती आणि ऑक्सिजनच्या प्रश्नाने पुन्हा डोकं वर काढलं असतं. पेरॉक्साइडला हात न लावता अर्क पाचपट पातळ घेतला. ३७.५ सेकंद, चौपट एन्झाइमला साजेसा आकडा. हिरव्या पानाला पाचपट चालत नव्हतं, पण इथे वेगस्थिरांकच लहान असल्यामुळे सात सेकंदांनंतरही शोषण ०.४७५ होतं. फक्त पाचपट अर्काचं स्वतःचं शोषण जास्त, ०.०७ च्या घरात, म्हणून त्याचं शून्य दोनदा धरून दोन्ही वेळा जुळतंय ना ते पाहिलं. जुळलं. उरलेले पिवळे नमुने याच पातळीवर मोजायचे, हिरवे वीसपटवर.